स्पीड टेस्ट छान, तरी गेम का अडकतो?

“स्पीड टेस्टला पूर्ण १०० एमबीपीएस येतात, बाकी साइट्स झटपट उघडतात. म्हणजे गेमचा सर्व्हरच बेकार, ना?”

बरेचदा नाही. स्पीड टेस्टचा सर्व्हर अनेकदा प्रोव्हायडरच्याच नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे बाहेरची वाट तपासलीच जात नाही. ती संध्याकाळी तुंबली किंवा लांबून वळवली, की तेवढा गेम रखडतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये गेम सर्व्हरचा आयपी टाकून पाहा, वाटेतला प्रत्येक टप्पा आणि तिथवर लागलेला वेळ दिसेल (हा नमुन्याचा):

```
tracert -d 203.0.113.10
```

समजा चौथ्या टप्प्यापर्यंत १२ मिलिसेकंद आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत १८०, तर संशय तिथल्या जोडणीवर किंवा परतीच्या वाटेवर. मधला एकच टप्पा फुगला असेल तर सोडून द्या. काही राउटर अशा चौकशीला सावकाशच उत्तर देतात. मग व्हीपीएन लावून खेळा. पिंग उतरला तर वाटच वाकडी. तो ट्रेस वेळेसकट प्रोव्हायडरला पाठवा. महागडा प्लॅन घेऊन वाट बदलत नाही.