हार्टवर्म: टेस्ट काय सांगते, टप्पा कसा ठरतो आणि कुत्र्याला बांधून का ठेवायचं

हे पत्रक तुमच्या हातात आलं आहे म्हणजे बहुधा तुमच्या कुत्र्याच्या किटवर हार्टवर्मची रेघ उमटली आहे, नाहीतर कुत्रा अशा भागातून आला आहे जिथे हा आजार आढळतो. आपल्याकडे आसाम-मिझोरामसारख्या ईशान्येच्या राज्यांत याच्या नोंदी जास्त आहेत. म्हणून तिकडून बदली होऊन आलेल्या कुटुंबांना आम्ही टेस्ट आवर्जून करायला सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. हा पोटातला जंत नाही. दर तीन महिन्यांनी आपण जी जंताची गोळी देतो ती आतड्यातल्या जंतांसाठी असते. हार्टवर्मचे मोठे किडे तिने मरत नाहीत. हे किडे फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमध्ये राहतात, फार झाले तर हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरतात. मादी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर लांब, शेवयांसारखी बारीक. कुत्र्याच्या अंगात हा किडा पाच ते सात वर्षं जगतो. तो येतो डासामधून आणि फक्त डासामधूनच. आजारी कुत्र्याच्या भांड्यातून, लाळेतून किंवा शेजारी झोपल्याने दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, आणि तुम्हालाही नाही.

किटवरची रेघ

सोयीसाठी एका कुत्र्याचं उदाहरण घेऊ आणि त्याला मोती म्हणू. लॅब्रेडोर, वय पाच, वजन 28 किलो. गुवाहाटीहून जूनमध्ये पुण्यात आला. जूनमध्ये केलेली टेस्ट निगेटिव्ह. डिसेंबरमध्ये पुन्हा केली तर पॉझिटिव्ह. पालकांचा पहिला प्रश्न साहजिक असतो: मग जूनची टेस्ट चुकली का?

चुकली नाही. किटमध्ये जे सापडतं ते अँटिजेन, म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या मादी किड्याने रक्तात सोडलेलं प्रथिन. डास चावल्यानंतर अळी आधी कातडीखाली आणि स्नायूंत वाढते, दोन-अडीच ते चार महिन्यांत फुप्फुसाच्या धमनीत पोचते आणि सहा-सात महिन्यांनी वयात येते. तोवर हे प्रथिन रक्तात नसतंच म्हटलं तरी चालेल; अगदी लवकर म्हणजे पाच महिन्यांनी दिसू शकतं. मोतीला डास मे महिन्यात चावला असेल तर जूनमध्ये किट काही दाखवूच शकत नव्हतं. म्हणून तिकडून आलेल्या कुत्र्याची टेस्ट आम्ही दोनदा करतो, आल्याबरोबर आणि सहा-सात महिन्यांनी.

निगेटिव्ह टेस्टला आणखी मर्यादा आहेत. किडे अगदी थोडे असतील किंवा सगळे नर असतील तर रेघ येत नाही. कधी कुत्र्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीज त्या प्रथिनाला चिकटून बसतात आणि किटला ते दिसत नाही. लक्षणं बोलत असतील तर लॅबमध्ये रक्ताचा नमुना तापवून टेस्ट पुन्हा करावी लागते. उलट पॉझिटिव्ह आली तरी एका किटवर विसंबून आम्ही उपचार सुरू करत नाही. दुसऱ्या कंपनीच्या किटवर खात्री करतो, कारण पुढचा उपचार महागडा आहे आणि त्यात धोकाही आहे.

बऱ्याच जणांकडे गोचीड-तापाबरोबरची एकत्र किट झालेली असते. त्यात अर्लिकियाची, म्हणजे गोचीड-तापाची रेघ अँटिबॉडीची असते, म्हणजे जुना, होऊन गेलेला संसर्गही ती दाखवते. हार्टवर्मची रेघ अँटिजेनची: किडा आज अंगात आहे किंवा अगदी अलीकडे होता. दोन्ही रेघा एकाच कार्डावर असल्या तरी अर्थ एक नाही.

किटसोबत आम्ही रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखालीही पाहतो आणि नॉट पद्धतीची तपासणी करतो. त्यात रक्तात फिरणारी पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिसतात. भारतात इथे एक घोळ होतो. कातडीखाली राहणारा याचाच एक भाऊबंद, डायरोफायलेरिया रेपेन्स, आपल्याकडे आढळतो आणि त्याची पिल्लंही रक्तात वळवळताना दिसतात. म्हणून ‘रक्तात किडे दिसले’ एवढ्यावर हार्टवर्म म्हणू नये. पिल्लांचा आकार आणि अँटिजेन, दोन्ही जुळायला हवेत.

टप्पा कसा ठरतो

किटच्या रेघेचा गडदपणा पाहून आजार किती हे ठरत नाही. टप्पा ठरतो कुत्र्याकडे, छातीच्या एक्स-रेकडे, टूडी इकोकडे आणि रक्त-लघवीच्या रिपोर्टकडे पाहून. पहिल्या टप्प्यात कुत्रा बरा दिसतो, कधीतरी ठसका येतो. दुसऱ्यात खोकला राहतो आणि पूर्वी न थकता जेवढं फिरायचा तेवढं फिरून दमतो. एक्स-रेत फुप्फुसाच्या धमन्या फुगलेल्या दिसू लागतात. तिसऱ्यात तो खंगतो, बसल्या जागी धाप लागते, पोटात पाणी होतं, कधी चक्कर येऊन पडतो. चौथा टप्पा म्हणजे किड्यांच्या गुंत्याने हृदयाकडे येणारं रक्त अडणं: हिरड्या पांढऱ्या, लघवी कॉफीच्या रंगाची, कुत्रा अचानक कोसळलेला. तिथे इंजेक्शन देत नाहीत, मानेच्या शिरेतून किडे ओढून काढावे लागतात, तेही तातडीने.

मोती दुसऱ्या टप्प्यात होता. पालक म्हणत होते, ‘वयामुळे दमतो.’ पाच वर्षांचा लॅब्रेडोर वयामुळे दमत नाही.

टप्पा किड्यांच्या संख्येवरच ठरतो असं नाही. एका प्रयोगात काही कुत्र्यांच्या अंगात 50 किडे होते पण हालचाल मर्यादित ठेवली होती. दुसऱ्यांच्या अंगात फक्त 14, पण त्यांना मध्यम व्यायाम होता. आजार आधी दिसला तो 14 किडेवाल्यांमध्ये. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

बांधून ठेवायचं म्हणजे काय आणि का

किडा मारणारं औषध मेलार्सोमीन. ते कंबरेच्या स्नायूत खोल टोचतात. मेलेला किडा शौचावाटे बाहेर पडत नाही, त्याला बाहेर जायला वाटच नाही. तो धमनीतच कुजतो, तुकडे होतात, आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर ते तुकडे फुप्फुसातल्या बारीक धमन्यांत जाऊन अडकतात. तिथे सूज येते, गुठळी होते. शरीर हळूहळू ते तुकडे विरघळवतं, पण त्याला आठवडे लागतात.

कुत्रा शांत पडून असेल तर फुप्फुसांतून रक्त संथ जातं आणि ज्या शाखा बंद आहेत त्यांचं काम बाकीच्या शाखा निभावून नेतात. तो धावला की हृदय कितीतरी पट रक्त त्याच अरुंद झालेल्या धमन्यांत ढकलतं. तुकडे आणखी आत जातात, दाब वाढतो, हृदयाचा उजवा कप्पा थकतो. मांजर दिसलं म्हणून गॅलरीत मारलेली एक झेप एवढीही पुरते. म्हणून ही विश्रांती औषधाइतकीच उपचाराचा भाग आहे.

ती सुरू होते निदानाच्या दिवशी. किडे जिवंत असतानाही धमन्या खराब झालेल्या असतातच. मोतीचं वेळापत्रक असं झालं. 10 डिसेंबरला दुसऱ्या टेस्टवर खात्री आणि त्याच दिवसापासून विश्रांती. त्या दिवशीच महिन्याला एकदा द्यायचं प्रतिबंधक औषध सुरू, म्हणजे नवे किडे वाढणार नाहीत. रक्तात पिल्लं असलेल्या कुत्र्याला हा पहिला डोस दवाखान्यातच देतो आणि दिवसभर नजरेखाली ठेवतो. एकदम खूप पिल्लं मेली तर झटका येऊ शकतो. शेजारच्याने सांगितलं म्हणून घरी आयव्हरमेक्टिन टोचू नका, ते याचसाठी. सोबत 28 दिवस डॉक्सिसायक्लिन, किलोला 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे मोतीला दर वेळी 280 च्या आसपास. हे किड्याच्या आत राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या जिवाणूसाठी. तो आधी संपवला की किडे मरताना सूज कमी येते. गोळी जेवणासोबत द्या, कोरडी देऊ नका, अन्ननलिकेला चिकटते.

मग महिनाभर थांबायचं. पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण अर्धवट वाढलेल्या किड्यांवर इंजेक्शनचा भरवसा नसतो, त्यांना वाढू द्यावं लागतं. 8 फेब्रुवारीला पहिलं इंजेक्शन, किलोला 2.5 म्हणजे 70 मिलिग्रॅम. दुसरं 10 मार्चला, तिसरं लगेच 11 मार्चला. सगळे किडे एकदम मरू नयेत म्हणून आधी एक आणि महिन्याने दोन. तीन इंजेक्शनांनी सुमारे 98 टक्के किडे मरतात, दोनांनी 90 च्या आसपास. प्रत्येक वेळी पुढचे चार आठवडे सूज कमी करणाऱ्या प्रेडनिसोलोनचा उतरता डोस. शेवटच्या इंजेक्शननंतर आणखी आठ आठवडे, म्हणजे 6 मेपर्यंत विश्रांती. एकूण पाच महिने.

हे औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. मिळालं नाही तर मॉक्सिडेक्टिन हे प्रतिबंधक औषध आणि डॉक्सिसायक्लिन असा लांबचा मार्ग घ्यावा लागतो. त्यात किडे महिनोन्महिने एकेक करून मरतात आणि विश्रांतीही तितकीच लांबते. ‘इंजेक्शन नाही, मग फिरवायला हरकत नाही’ असं समजू नका.

घरी नेमकं करायचं काय? क्रेट किंवा एक छोटी खोली, जिथे त्याला उभं राहता, वळता, पसरता येईल, पण पळता येणार नाही. शी-सूसाठी छोट्या पट्ट्यावर खाली, काम झालं की परत. जिना नाही, लिफ्ट बंद असेल तर उचलून. सोफ्यावर उडी नाही. घरात दुसरा कुत्रा असेल तर वेगळी खोली. बेल वाजली की उसळणाऱ्या कुत्र्याची बेल काही महिने काढून ठेवा, पाहुण्यांना फोन करून यायला सांगा. मार्चमधल्या दोन इंजेक्शनांच्या आसपास होळी-रंगपंचमी येते. मोतीच्या घरी पोरं त्याला पाणी उडवायला आलीच होती, आईने दार लावून घेतलं. खाणं थोडं कमी करा, नाहीतर पाच महिन्यांत वजन वाढेल. जेवण ताटलीत न देता चाटायच्या मॅटवर किंवा टॉवेलच्या घड्यांत लपवून दिलं तर तास बरा जातो. तरीही ऐकत नसेल तर लाजू नका, सांगा. शांत ठेवायला ट्राझोडोनसारखी गोळी देता येते.

सर्वांत जपायचे दिवस म्हणजे इंजेक्शननंतरचा दुसरा आणि तिसरा आठवडा. गंमत अशी की नेमका तेव्हाच कुत्रा टवटवीत दिसतो आणि घरच्यांना दया येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कंबर दुखणं, जागा सुजणं चालेल. पण ताप, वाढलेला खोकला, खोकल्यात रक्त, धाप, खाणं सोडणं किंवा फिकट हिरड्या दिसल्या तर सकाळपर्यंत थांबू नका. अ‍ॅस्पिरिन किंवा माणसांची दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका.

6 मेनंतरही थेट मैदानावर सोडायचं नाही. पहिला आठवडा पाच मिनिटं चालणं, मग हळूहळू वाढवायचं. अँटिजेन टेस्ट पुन्हा होते शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी, मोतीची पुढच्या डिसेंबरात. मेलेल्या किड्यांचं प्रथिन रक्तातून जायला वेळ लागतो, आधी केली तर उगाच पॉझिटिव्ह येऊन घाबरायला होतं. तेव्हाही रेघ आलीच तर डॉक्सिसायक्लिन आणि दोन इंजेक्शनं पुन्हा करावी लागतात. महिन्याचं प्रतिबंधक औषध मात्र या सगळ्या काळात एकदाही चुकवायचं नाही, आणि नंतरही चालू ठेवायचं.