मॉकअपमध्ये डिझाइन कुठं टाकायचं: ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून शर्टाची मॉकअप फाइल, म्हणजे छापल्यावर डिझाइन कसं दिसेल ते दाखवणारी फोटोशॉपची फाइल, नेली की बऱ्याच जणांचा दुसऱ्या दिवशी फोन येतो, डिझाइन स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय, फाइल खराब आहे का. फाइल बरोबर असते, पण डिझाइन ओढून सगळ्यात वर टाकलेलं असतं आणि घड्यांचा इफेक्ट खालच्या स्मार्ट ऑब्जेक्ट नावाच्या लेयरला लावलेला आहे, तो वरच्या लेयरला लागणार कसा?

त्या स्मार्ट ऑब्जेक्ट लेयरच्या नावावर नाही, त्याच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक करा. वेगळी `.psb` फाइल उघडेल, डिझाइन तिच्यात टाका, आधीचा नमुना लपवा, Ctrl+S दाबा आणि बंद करा. Save As करून दुसरीकडं ठेवलं तर मॉकअप बदलत नाही. आतला कॅनव्हास क्रॉप पण करू नका, शर्टावरची जागा आणि साइज बिघडते.

सिद्धेश्वर यात्रेच्या आधी एका मंडळाची 60 शर्टांची ऑर्डर होती, छातीवर उभा नंदीध्वज. त्यांनी वरच टाकलेला, घडीवरून काठी सरळ रेघेसारखी गेलेली, बघताक्षणी खोटं वाटायचं. आम्ही आत टाकून दिला तर काठी घडीपाशी थोडी वळली आणि शर्ट अंगावर घातल्यासारखा दिसायला लागला. हे काम Filter > Distort > Displace करतं. शर्टाच्या फोटोची काळीपांढरी कॉपी वेगळी PSD म्हणून सेव्ह करून त्याला द्यायची असते, मधला करडा रंग असेल तिथं डिझाइन हलत नाही, उजळ आणि गडद भागात उलटसुलट दिशेला सरकतं. स्केल 100 दिलं तर जास्तीत जास्त 128 पिक्सेल सरकतं म्हणून आम्ही 10 च्या आसपास ठेवतो, म्हणजे फार तर 13 पिक्सेल. स्वतः मॅप, म्हणजे ही काळीपांढरी कॉपी, बनवत असाल तर आधी थोडा Gaussian Blur द्या, नाहीतर कापडाची वीणसुद्धा घडी धरली जाते आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या होतात.

कॉफीचा मग आणि फोटो फ्रेम यांना हे लागत नाही. मगला Warp ची गोलाई पुरते, फ्रेमला चार कोपरे जुळले की झालं.

त्या मंडळानं पुढं विचारलं, प्रिंटमध्ये पण काठी वाकडी येणार का? नाही. मॉकअप फक्त बघायला, छापतो मूळ डिझाइनवरून. म्हणूनच मॉकअपचा JPG पाठवला तर आम्ही मूळ फाइल मागतो, यात वेळ जातो म्हणून काही जण रागावतात, पण त्या JPG मध्ये घड्या आणि सावल्या डिझाइनमध्ये मिसळलेल्या असतात, त्या नंतर वेगळ्या काढता येत नाहीत आणि 60 शर्ट वाया गेले तर नुकसान तुमचंच.

फोटोशॉप नसेल तर मूळ डिझाइन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑर्डर असली की पहिला मॉकअप आम्ही फुकट करून देतो, तुम्ही हो म्हटल्यावरच छपाईला घेतो.