अकीक लाव्हातून गोठत नाही

उन्हाळा लागला की मराठवाड्यात विहिरींची कामं निघतात. क्रेनने वर येणाऱ्या मालात काळ्या फत्तराबरोबर कधी कधी अकीकाचे हिरवट सालीचे, गोल-लांबट गोटे येतात. एखादा फुटला तर आत करड्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात आणि मधल्या पोकळीत स्फटिक चमकतात. मग त्याचा फोटो गावभर फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ज्वालामुखीचा रस गोठून झालेला हिरा’. हिरा नाही हे बहुतेकांना कळतं. पण ‘रस गोठून’ हा भाग शिकलेली माणसंही खरा धरतात, आणि खरी गंमत नेमकी तिथेच निसटते.

आपल्या पायाखालचा काळा फत्तर, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. त्या लाव्हात वजनाने जवळपास निम्मी सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, होती हे खरं. पण लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियमही भरपूर होतं, आणि लाव्हा थंड होताना ही सिलिका त्या सगळ्यांबरोबर बांधली जाऊन पायरॉक्सिन आणि फेल्डस्पार ही खनिजं बनली. बाजूला काढून ठेवायला शुद्ध सिलिका उरलीच नाही. अकीक मात्र जवळजवळ शुद्ध सिलिका आहे. शिवाय लाव्हाचं तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस असतं, तर अकीक साधारण ५० ते २०० अंशांच्या दरम्यान बनतो असे अंदाज आहेत. म्हणजे गोटा तयार होऊ लागला तेव्हा लाव्हाचा खडक होऊन गेलेला होता. लाव्हाने दिली ती फक्त पोकळी.

पोकळीची गोष्ट सोपी आहे. लाव्हात विरघळलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाब कमी होताच बुडबुडे होऊन वर चढतात. वरची साय आधीच घट्ट झालेली असते, म्हणून ते तिच्याखाली अडकतात. त्यामुळे प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा असतो आणि मधला भाग भरीव. विहीर खोदणारे या दोन्हींना वेगळं ओळखतात: भोकं नंतर पांढऱ्या खनिजांनी भरलेला तो मांजऱ्या, आणि भरीव तो काळा पाषाण. वेरूळच्या लेण्यांत भिंतींवर पांढरे ठिपके दिसतात तेही असेच भरलेले बुडबुडे आहेत.

आता प्रश्न असा की या बुडबुड्यात सिलिका आली कुठून आणि कशी. बेसॉल्टमध्ये स्फटिक व्हायला वेळच न मिळालेली काच असते. जमिनीत मुरलेलं, खाली तापलेलं पाणी तिला सर्वात आधी खातं. काचेची चिकणमाती होते आणि सुटी झालेली सिलिका पाण्यात जाते. पोकळीच्या भिंतीवर बहुतेकदा आधी हिरव्या खनिजाचा पातळ थर बसतो, म्हणून गोट्याची साल हिरवट. त्यानंतर सिलिका बसायला लागते.

किती सिलिका लागते याचा हिशेब मांडून बघू, कारण तो मांडल्याशिवाय या दगडाची खरी किंमत कळत नाही. दहा सेंटिमीटर व्यासाची गोल पोकळी घ्या. तिचं आकारमान सुमारे ५२४ घनसेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. घनसेंटिमीटरला २.६ ग्रॅम धरले, तर ती पूर्ण भरायला १,३६० ग्रॅम सिलिका पाहिजे. समजा लिटरभर पाण्यात ६० मिलिग्रॅम सिलिका विरघळलेली आहे. बेसॉल्टमधल्या भूजलात असं प्रमाण अगदी नेहमीचं आहे. साध्या तापमानाला क्वार्ट्झशी, म्हणजे सिलिकेच्या स्फटिकाशी, समतोल साधायला पाण्यात दहाएक मिलिग्रॅम पुरतात, म्हणून बाकीची ५० मिलिग्रॅम खाली बसू शकते.

पोकळी एकदा या पाण्याने भरली, तर तिच्यात बसण्याजोगी सिलिका किती? फक्त २६ मिलिग्रॅम. ती आतल्या सगळ्या भिंतीवर सारखी पसरली तर थराची जाडी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढी होईल. म्हणजे पाणी एकदा शिरलं, आटलं आणि गोटा झाला, असं घडूच शकत नाही. तोच ऐवज पन्नास हजारांहून जास्त वेळा नव्याने यावा लागतो. एकूण पाणी सत्तावीस हजार लिटरच्या घरात जातं, दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. टँकरच्या वाऱ्या मोजत उन्हाळा काढणाऱ्या गावांना हा आकडा लगेच कळेल. हे सगळं पाणी मुठीत मावेल-न मावेल अशा एका दगडासाठी.

प्रत्यक्षात एवढं पाणी त्या पोकळीतून वाहत गेलंच पाहिजे असं नाही. बेसॉल्टच्या बारीक भेगा आणि छिद्रं पाण्याने भरलेली असतात. पोकळीच्या आत सिलिका बसली की तिथल्या पाण्यातलं प्रमाण घटतं, आणि बाहेरच्या जास्त सिलिकेच्या पाण्यातून रेणू आपोआप आत सरकतात. पाणी जागच्या जागी, सिलिका मात्र प्रवासात. याला विसरण म्हणतात. हे फार हळू चालतं, पण पृथ्वीकडे वेळ होता. दख्खनच्या पोकळ्यांतल्या ॲपोफिलाइट या खनिजाचं वय मोजलं गेलंय, आणि त्यातले काही स्फटिक लाव्हा थंडावल्यानंतर दोन कोटींहून जास्त वर्षांनी बनलेले निघाले. पोकळ्यांतला कारभार एका दमात उरकलेला नाही याचा तो पुरावा.

मला सर्वात जास्त खिळवून ठेवतात त्या पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक पावसाळा, असं समजण्याचा मोह होतो. तो सोडायला हवा. पट्ट्या पडायला बाहेर काहीही बदलावं लागत नाही. राफाएल लिसेगांग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये जिलेटिनच्या थरावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब ठेवला, तेव्हा आतल्या रसायनाशी संयोग होऊन एकात एक अशी वर्तुळं उमटली. कोणी थेंब पुन्हा पुन्हा टाकला नव्हता. विसरण आणि साका बसणं, या दोन क्रियांच्या वेगांतल्या ओढाताणीतून वर्तुळं आपली आपण तयार झाली. अकीक अगदी तसाच बनतो असं आज मानत नाहीत, पण एकसारख्या परिस्थितीतूनही पट्टे निघू शकतात ही कल्पना तिथून आली.

अकीकात काय होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. पट्टीचा मुख्य भाग कॅल्सेडनीचा, म्हणजे अतिशय बारीक, तंतूसारख्या क्वार्ट्झचा असतो. तंतू भिंतीला काटकोनात उभे राहून आतल्या दिशेने वाढतात. सुरुवातीला भिंतीलगतच्या पाण्यात सिलिका खूप असते. तिचे सुटे रेणू एकमेकांना जोडून छोट्या साखळ्या होतात आणि त्या घाईघाईने वाढत्या टोकावर बसतात. घाईची वाढ म्हणजे चुकांची वाढ: अणूंच्या रांगा नीट जुळत नाहीत, कुठे सिलिकॉनची जागा रिकामी राहते, तिथे पाण्याचे अंश अडकतात, आणि स्फटिक मोठा न होता तंतूच राहतो. पण ही घाई आपल्याच मुळावर येते. टोकाजवळची सिलिका संपत जाते, साखळ्या तुटून पुन्हा सुटे रेणू उरतात, वाढ मंदावते आणि सावकाश, नीट रचलेले, जाडसर कण बसू लागतात. आता वाढ विसरणाहून हळू झाली, म्हणून लांबून येणारी सिलिका टोकाशी पुन्हा साठते. एका मर्यादेपलीकडे साठली की पुन्हा तंतू. प्रत्येक हेलकाव्याची एक पट्टी. पीटर हीनी आणि अँड्र्यू डेव्हिस यांनी १९९५ मध्ये अकीकाच्या पट्ट्या तपासल्या तेव्हा कणांचा आकार आणि स्फटिकातले दोष असेच आलटून पालटून कमी-जास्त होताना आढळले.

शेवटी शेवटी सिलिकेचा पुरवठा इतका कमी होतो की साखळ्या बनतच नाहीत. तेव्हा मधल्या जागेत स्वच्छ, टोकदार क्वार्ट्झ वाढतो. पुरवठा त्याआधीच आटला तर मध्ये पोकळी राहते, आणि अशा पोकळ गोट्याला जिओड म्हणतात. क्वार्ट्झमध्ये लोहाचा अंश असेल आणि आसपासच्या खडकातल्या किरणोत्साराचा परिणाम त्यावर झाला असेल, तर तो जांभळा होतो.

काही गोट्यांत भिंतीच्या वळणाने जाणाऱ्या पट्ट्यांच्या आत, तळाशी, एकदम सपाट पट्ट्या असतात. त्या वजनाने खाली बसलेल्या सिलिकेच्या आहेत. त्या काळी आडवं काय होतं हे त्या दाखवतात, म्हणून असा गोटा खडकातून काढण्याआधी त्याची वरची बाजू खुणेने लिहून ठेवावी. एकदा ढिगाऱ्यात पडला की ही माहिती गेली.

या भूभागातल्या माणसांना या दगडांची ओळख जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून भडोचच्या बंदरात अशा पट्ट्यांचे दगड मोठ्या प्रमाणावर येत. त्या दगडांचे मणी झाले, दागिने झाले. आज मात्र तोच दगड ‘नकारात्मक ऊर्जा शोषतो’ म्हणून विकला जातो. तो शोषतो ते रंग. तंतूंमध्ये सूक्ष्म छिद्रं असतात, म्हणून कॅल्सेडनी रंगाच्या द्रावणात ठेवली की छिद्राळ पट्ट्या रंग पितात आणि घट्ट पट्ट्या पांढऱ्या राहतात. बाजारातला गडद निळा किंवा गुलाबी अकीक जवळजवळ नेहमी असाच रंगवलेला असतो. भिंगातून बघा: रंग भेगांत जास्त साचलेला दिसेल आणि मधल्या क्वार्ट्झमध्ये शिरलेला नसेल. साखरेच्या पाकात मुरवून मग सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवला की आतल्या साखरेचा कार्बन होतो आणि दगड काळा पडतो. या दगडाने झोप लागते, कर्ज फिटतं असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मालात गोटा सापडला तर लगेच घण घालू नका. आत पोकळी आहे का, हे न फोडता बरंचसं कळतं. चिकटलेला काळा खडक आधी काढून टाका. गोटा तोला, मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. वजनाला त्या मिलिलिटरांनी भागा. भरीव अकीकाचं उत्तर २.६ च्या जवळ येतं. समजा गोटा ११०० ग्रॅमचा आहे आणि पाणी सांडलं ५२० मिलिलिटर. उत्तर आलं २.१. अकराशे ग्रॅम सिलिकेला ४२३ मिलिलिटर जागा पुरते, तेव्हा उरलेल्या ९७ मिलिलिटरची पोकळी आत असणार. अशा गोट्याला घणाऐवजी दगड कापणाऱ्याकडे न्यावं. मात्र एक फसगत इथे होते. आपल्याकडच्या कितीतरी पोकळ्या सिलिकेऐवजी झिओलाइट या मऊ खनिजाने भरलेल्या आहेत, आणि झिओलाइट भरीव असला तरी त्याचं उत्तर २.२ च्या आसपास येतं. म्हणून साल जिथे उडाली असेल तिथे चाकूच्या टोकाने ओरखडा काढून पाहा. झिओलाइटवर ओरखडा उठतो. अकीकावर उठत नाही, उलट चाकूच्या पोलादाचीच करडी रेघ दगडावर राहते.