आजचा एक्यूआय आणि आत्ताची हवा: पळायला जाताना कुठला आकडा बघायचा?

नोव्हेंबर लागला की सांगलीतल्या आमच्या रनिंग ग्रुपवर पहाटे पहाटे स्क्रीनशॉट पडायला सुरुवात होते. एकजण केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवरचा एक्यूआय, म्हणजे हवा किती घाण ते सांगणारा आकडा, १०० असा टाकतो, हिरव्या रंगात, खाली 'समाधानकारक'. दुसरा परदेशी ॲपवरचा १५४ टाकतो, लालभडक. मग कोण खोटं बोलतंय यावर दहा मिनिटं वाद. खरंतर दोघंही बरोबर असू शकतात, कारण हवेत पीएम २.५ म्हणजे बारीक कण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असले तर आपल्या पट्टीवर त्याचा १०० होतो आणि अमेरिकन पट्टीवर साधारण १५४. गंमत म्हणजे हवा अजून बिघडली की उलटं होतं, १०० मायक्रोग्रॅमला आपला आकडा २३० च्या पुढं जातो आणि अमेरिकन १८० च्या आसपासच राहतो. त्यामुळं दोन ॲपचे एक्यूआय एकमेकांशी लावून बघण्यात काही अर्थ नाही, बघायचं तर पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा.

पण पट्टीचा घोळ त्यामानानं सोपा आहे, पळणाऱ्याला खरा फसवतो तो दुसराच. आपला सरकारी एक्यूआय पीएम २.५ साठी गेल्या २४ तासांची सरासरी घेतो. म्हणजे सकाळी ६ ला तुम्ही जो आकडा बघताय त्यात काल दुपारची मोकळी हवा पण आहे, रात्रीची पण आहे आणि आत्ताची फक्त एक चोविसांश. तुम्ही मात्र पळणार आहात आत्ता! बॅट्समनच्या ॲव्हरेजवरून पुढच्या बॉलला तो आऊट होणार की सिक्स मारणार हे सांगण्यासारखंच आहे हे.

हिवाळ्यात हा फरक एवढा का पडतो? तर रात्री जमीन गार पडते, जमिनीलगतची हवा पण गार होते आणि वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकून बसते. वारा नसतोच. मग शेकोट्यांचा, कचऱ्याचा, डिझेलचा आणि आपल्याकडं उसाचा हंगाम सुरू असला की पेटवलेल्या पाचटाचा धूर वर जातच नाही, सूर्य चढून जमीन तापेपर्यंत तिथंच घुटमळतो. (पाचटाची काळी काजळी टी-शर्टवर पडते ती बघून लोक घाबरतात, पण ते तुकडे मोठे असतात, फुफ्फुसात खोलवर जात नाहीत. खोल जातं ते डोळ्याला दिसत नाही.) म्हणजे आपण सगळे ज्याला 'सकाळची शुद्ध हवा' म्हणतो ती थंडीत बऱ्याचदा दिवसातली सगळ्यात घाण हवा असते.

आता एक उदाहरण घेऊ. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारा कुणीतरी आहे, नोकरीला पुण्यात, डिसेंबरचा दिवस. चोवीस तासांची सरासरी धरा ७० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक्यूआय साधारण १३०, शेरा 'मध्यम'. तो म्हणणार, चला, मध्यम तर आहे. पण तासातासाचा आलेख उघडला तर पहाटे ६ ला १४० दिसतंय आणि दुपारी ४ ला ३५. बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, आरामात पळताना ५० च्या आसपास, आणि इंटरव्हल मारताना, म्हणजे मधेमधे जोरात पळताना, १०० पर्यंत, ते पण तोंडानं, म्हणजे नाकाची गाळणी बाद. ५० लिटरनं तासभर पळलं की ३ घनमीटर हवा आत जाते. पहाटे पळला तर सव्वाचारशे मायक्रोग्रॅम ओढणार, दुपारी ४ ला पळला तर जेमतेम शंभर. वर्कआऊट तेच, शेरा तोच 'मध्यम', आत गेलेला माल चौपट.

सरासरी उलट्या बाजूनं पण फसवते. रात्री पाऊस झाला किंवा चांगला वारा सुटला तर सकाळची हवा स्वच्छ असते, पण एक्यूआय अजून कालचंच रडगाणं गात असतो आणि लोक उगाच लाँग रन बुडवतात.

मी स्वतः त्या तासाचा पीएम २.५ बघूनच ठरवतो. ३५ पर्यंत काहीही करा. ३५ ते ६० मध्ये आरामात पळतो पण इंटरव्हल, टेंपो रन असलं काही जोरातलं असेल तर ते दुपारवर नाहीतर दुसऱ्या दिवशीवर ढकलतो. ६० च्या वर फक्त हलकं आणि थोडं, तेही मेन रोड सोडून, आणि १०० च्या वर सरळ आत. दमा असेल, हार्टचं काही असेल तर एकेक पायरी आधीच थांबायचं आणि डॉक्टरला विचारूनच. पळताना छाती आवळली, शिट्टीसारखा आवाज आला, खोकला थांबेना तर आकडा काय का असेना, बंद करा.

आता 'आत' म्हणजे काय हे पण बघा, कारण रस्त्यावरचं शटर उघडं टाकलेली जिम म्हणजे छप्पर असलेला रस्ताच. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची जाळी मोठी धूळ अडवते, बारीक कण नाही. दारं-खिडक्या बंद आणि हेपा फिल्टरचा प्युरिफायर चालू असेल तरच आत जाण्याचा खरा फायदा. घरी करणार असाल तर फोडणी देऊन झाल्या झाल्या शेजारच्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारू नका, तेव्हा घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकतो.

त्यासाठी काहीजण हातातलं छोटं मीटर घेतात, चांगलंय, आतबाहेर लगेच तपासता येतं. फक्त आपल्याकडं कृष्णाकाठी धुकं असताना त्यावर डोळे झाकून विश्वास नको. त्यात लेझरचा उजेड कणांवर पडून किती विखुरतो यावरून आकडा काढतात आणि त्या बिचाऱ्या यंत्राला पाण्याचा थेंब आणि धुराचा कण सारखेच, त्यामुळं दाट धुक्यात ते काहीच्या काही वर जातं. ऊन आल्यावर धुकं विरताच आकडा धाडकन खाली आला तर त्यात पाणीच जास्त होतं असं समजा, धुकं गेल्यावरही तिथंच राहिला आणि जळका वास येतोय तर तो धूर. नुसत्या धुक्यानं काही होत नाही, पण ज्या गार, बिनवाऱ्याच्या हवेत धुकं पडतं त्याच हवेत धूर पण अडकतो, म्हणून दोन्ही बऱ्याचदा एकत्रच असतात.

आणि दुपारी ४ चा हा सल्ला थंडीपुरताच हां. एप्रिल-मे मध्ये मोठ्या शहरात गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडून ओझोन तयार होतो, तो नेमका दुपारीच जास्त असतो आणि पीएम २.५ च्या आकड्यात दिसतच नाही, त्यामुळं उन्हाळ्यात पहाटच बरी.