तीन महिन्यांच्या चेकची शेवटची तारीख : पार्श्वभूमी

चेक सहा महिने चालतो, हा समज अजूनही पुष्कळ दुकानांत आणि सोसायट्यांच्या कचेऱ्यांत टिकून आहे. एके काळी तो खरा होता, पण कोणत्याही कायद्याने चेकला सहा महिन्यांचे आयुष्य ठरवून दिलेले नव्हते. ती बँकांची वहिवाट होती. चेक न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून गुन्हा ठरला, तेव्हा त्या कलमात ‘सहा महिन्यांत किंवा चेकच्या वैधतेच्या मुदतीत, यांपैकी जे आधी संपेल तोवर’ चेक बँकेत हजर व्हावा असे शब्द आले. त्यातला दुसरा भाग जवळजवळ दोन तपे कुणाच्या फारसा लक्षात आला नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आदेश दिला की १ एप्रिल २०१२ किंवा त्यानंतरची तारीख असलेला चेक, ड्राफ्ट किंवा पे ऑर्डर त्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर हजर झाल्यास पैसे देऊ नयेत. हे कागद सहा सहा महिने बाजारात रोख रकमेसारखे हातोहात फिरतात, असे कारण त्यात दिले होते. आदेश कागदावरच्या तारखेला बांधलेला असल्याने त्या वर्षी एक चमत्कारिक स्थिती आली. ३१ मार्च २०१२ चा चेक सप्टेंबरअखेरपर्यंत चालला आणि दुसऱ्याच दिवशीचा चेक जुलैच्या सुरुवातीला बाद झाला. गुन्ह्याच्या कलमातले ‘सहा महिने’ तसेच राहिले, पण ‘जे आधी’ या शब्दांमुळे व्यवहारात तिथेही तीनच महिने उरले. कलम वाचून सहा महिने धरणारे आजही याच ठिकाणी अडकतात.

खरा घोळ मात्र ‘तीन महिने’ मोजायचे कसे, यात आहे. महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना, तीस दिवस नव्हेत, हे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात आहे. ‘अमुक तारखेपासून’ म्हटले की ती पहिली तारीख सोडून मोजायचे, हेही त्याच कायद्यात आहे. दोन्ही एकत्र वाचले की नियम सोपा होतो : तीन महिने पुढे जाऊन त्याच अंकाची तारीख पाहायची, ती शेवटची. २०१० च्या एका निकालात (तो लवादाच्या प्रकरणातला होता, पण मोजणी तीच) न्यायालयाने हेच सांगितले आणि अशा तीन महिन्यांचे दिवस ८९, ९०, ९१ किंवा ९२ भरू शकतात, असेही नमूद केले.

हा ८९ चा आकडा घात करतो. १ फेब्रुवारी २०२६ चा चेक घ्या. त्याच अंकाची तारीख म्हणजे १ मे. फेब्रुवारीतले २८, मार्चमधले ३१ आणि एप्रिलमधले ३० मिळून ८९ दिवस होतात. ज्याने सवयीने ९० दिवस मोजले, तो २ मे ला शनिवारी बँकेत जाईल. महिन्याचा पहिला शनिवार, बँक उघडी, पण चेक मुदत उलटल्याच्या शेऱ्यासह परत येईल. शिवाय १ मे ला महाराष्ट्रात सुट्टी. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस ३० एप्रिल, गुरुवार. उलट १ जुलैचा चेक १ ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि तिथे ९२ दिवस मिळतात.

त्या अंकाची तारीखच पुढच्या महिन्यात नसेल तर काय? परक्राम्य संलेखांचा, म्हणजे चेक, हुंडी अशा कागदांचा, कायदा १८८१ चा आहे. त्यात हुंडी आणि वचनचिठ्ठीची मुदत ठरवताना ‘तशी तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस’ असा नियम आहे, आणि उदाहरणे १८७८ सालची आहेत. ३० ऑगस्टची आणि ३१ ऑगस्टची अशा दोन्ही तीन महिन्यांच्या हुंड्या सवलतीचे तीन दिवस धरून ३ डिसेंबरलाच पिकतात, कारण दोघींचे तीन महिने ३० नोव्हेंबरला भरतात. चेकला सवलतीचे दिवस नसतात आणि ते कलम चेकसाठी लिहिलेलेही नाही, पण मोजण्याची रीत तीच चालत आली.

वाद झाला तो ३१ तारखेवरूनच. ३१ डिसेंबर २००५ चा एक चेक ३० जून २००६ ला बँकेत हजर झाला. मुदत तेव्हा सहा महिन्यांची होती. दिवस मोजले तर १८१ भरतात, म्हणजे १८० च्या हिशेबाने चेक एक दिवस उशिरा. २०१४ मध्ये न्यायालयाने महिना कॅलेंडरचाच धरला, लिहिलेली तारीख वगळली आणि चेक वेळेत ठरवला. निकाल योग्यच आहे. मात्र त्यावरून ‘पहिला दिवस वगळून पुढे पूर्ण महिने मिळतात’ असा अर्थ काढून २८ फेब्रुवारीचा चेक ३१ मे पर्यंत चालतो असे कुणी म्हटले, तर तो धोका पत्करू नये. त्याच अंकाच्या नियमाने तो २८ मे ला संपतो. इंग्लंडमध्ये १९८१ साली नेमक्या अशाच युक्तिवादावर एक भाडेकरू हरला होता. ३० सप्टेंबरपासूनचे चार महिने ३० जानेवारीला संपले आणि त्याचा अर्ज ३१ जानेवारीचा होता.

दुसरा प्रश्न कमी चर्चिला जातो, पण पैसे त्यातच जास्त अडकतात : चेक कोणत्या बँकेत हजर व्हायचा? २००१ च्या निकालानुसार गुन्ह्याच्या कलमातली ‘बँक’ म्हणजे ज्या बँकेवर चेक काढला ती, चेक घेणाऱ्याची नव्हे. आपल्या शाखेच्या पेटीत शेवटच्या दिवशी चेक टाकणे म्हणजे हजर करणे नव्हे. पूर्वी चेक टपालाने जायचे, तेव्हा हा फरक आठवड्यांचा असे. आता चेकची प्रतिमा जाते, त्यामुळे तो तासांवर आला आहे, तरी संपलेला नाही. पेटी दुपारी उघडली गेली आणि चेक स्कॅन दुसऱ्या दिवशी झाला, तर पोचपावतीवरचा शिक्का उपयोगाचा नाही.

३० नोव्हेंबर २०२५ चा चेक इथे नीट पाहण्यासारखा आहे. त्याच महिन्याच्या २८ आणि २९ तारखेच्या चेकांसकट तो २८ फेब्रुवारी २०२६ ला संपतो. तो दिवस चौथा शनिवार, आणि सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. सुट्टीमुळे मुदत आपोआप पुढे ढकलली जाईल, असे धरून चालू नये. काही ठिकाणी मोजणीत लिहिलेली तारीखही धरली जाते आणि मुदत आणखी एक दिवस आधी संपवली जाते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून हा चेक गुरुवारी २६ ला, फार तर शुक्रवारी २७ ला सकाळी खिडकीवर द्यावा आणि त्याच दिवशी क्लिअरिंगला जाईल ना, हे विचारून घ्यावे.

तारीख उलटलीच, तर बुडतो तो चेक, कर्ज नव्हे. देणाऱ्याकडून नवा चेक घ्यावा. प्रतिमेवर चालणाऱ्या क्लिअरिंगमध्ये नाव किंवा रकमेतली खाडाखोड चालत नाही, पण मुदत वाढवण्यासाठी तारीख बदलण्याची मुभा ठेवलेली आहे. ती दुरुस्ती चेक देणाऱ्यानेच करायची आणि शेजारी पूर्ण सही करायची. मग तीन महिने नव्या तारखेपासून मोजायचे. घेणाऱ्याने स्वतः तारीख बदलली, तर तो महत्त्वाचा फेरफार ठरून चेकच निकामी होतो.