परदेशी टीमसाठी रेझ्युमे: घड्याळ जुळतं हे कसं दाखवायचं

(रेझ्युमे लिहून घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्यांनी पहिल्या भेटीआधी वाचावं)

घरी बसून परदेशातल्या टीमबरोबर काम करायचंय, असं सांगणारे जवळपास सगळेजण रेझ्युमेत एक ओळ लिहूनच येतात: कोणत्याही टाइम झोनमध्ये काम करायची तयारी आहे. ती ओळ आम्ही सगळ्यात आधी खोडतो. समोरच्या मॅनेजरच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात. त्याच्या घड्याळात तुम्ही किती ते किती सापडाल? आणि तो झोपलेला असताना तुमचं काम अडून तर राहणार नाही ना? या पत्रकात एवढ्याच दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर कशी आणायची ते सांगितलं आहे.

आधी गणित, तेही हिवाळ्याचं

आपलं घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं. त्यांचं तसं नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणून न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, तर हिवाळ्यात साडेदहा. बर्लिन उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. ओव्हरलॅपचा, म्हणजे दोघेही एकाच वेळी कामावर असण्याच्या तासांचा, हिशेब नेहमी हिवाळ्याचा करा. तो जमला की उन्हाळा आपोआप जमतो.

आमच्याकडे आलेल्या नाशिकच्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्या सॉफ्टवेअर टेस्टर, पाच वर्षांचा अनुभव, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच सकाळी दहा ते संध्याकाळी सात. त्यांना न्यूयॉर्कच्या एका टीमची जाहिरात आवडली होती. अट होती रोज किमान चार तासांच्या ओव्हरलॅपची. त्यांनी मोबाइलवर पाहिलं, तेव्हा जुलै चालू होता. न्यूयॉर्कचे सकाळी नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. तिथून चार तास म्हणजे रात्रीचे साडेदहा. "जमेल की," त्या म्हणाल्या. आम्ही विचारलं, "आणि नोव्हेंबरात?" नोव्हेंबरात तेच चार तास साडेसात ते साडेअकरा होतात. घरी तिसरीतली मुलगी, सकाळी सहाला डबा. अकराच्या पुढे बसणं रोज शक्य नाही, हे त्यांनीच सांगितलं.

इथे बहुतेक जण अर्धा तास गिळून टाकतात आणि पुढचं पुढे बघू म्हणतात. आम्ही दुसरी वाट काढली. जाहिरातीत टीमचा दिवस साडेआठला सुरू होतो असं लिहिलेलं होतं. न्यूयॉर्कचे साडेआठ ते साडेबारा म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळी सात ते रात्री अकरा, आणि उन्हाळ्यात सहा ते दहा. चार तास पुरे झाले आणि घरचीही घडी मोडली नाही. त्यांचा पूर्ण दिवस हिवाळ्यात दुपारी दोन ते रात्री अकरा असा ठरला, मध्ये सातच्या आधी जेवणाची सुट्टी. रेझ्युमेत नावाखाली, फोन नंबरच्या शेजारी, या दोन ओळी गेल्या:

```
Nashik, India (UTC+5:30)
Overlap with New York: 8:30 am-12:30 pm ET, all year
```

या दोन ओळींत बारकावे आहेत. वेळ त्यांच्या घड्याळात लिहिली आहे, म्हणजे वाचणाऱ्याला बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. ET म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळातली वेळ, मग उन्हाळा असो की हिवाळा. "all year" हे दोनच शब्द, पण हिवाळ्याचा हिशेब केलेला आहे हे त्यातून कळतं. आणि आपल्या वेळेला IST म्हटलेलं नाही. आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची वेळसुद्धा IST म्हणूनच लिहिली जाते. UTC+5:30, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, असं लिहिलं की गोंधळच नाही.

त्याच ताईंना बर्लिनसाठी मात्र काहीच हलवावं लागलं नाही. बर्लिनचे नऊ ते पाच म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. त्यांच्या चालू दहा ते सातमध्येच साडेपाच तास जुळतात, उन्हाळ्यात साडेसहा. त्यामुळे युरोपसाठीच्या रेझ्युमेत ही ओळ वेगळी आणि अमेरिकेसाठी वेगळी. एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवू नका. सॅन फ्रान्सिस्कोचा विचार असेल तर आधी घरी बोला: तिथले सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्री साडेदहा, चार तास म्हणजे पहाटेचे अडीच. काही जण हे वर्षानुवर्षं करतात. पण आम्ही ते तुमच्या वतीने लिहून टाकणार नाही. सिडनीचं उलटं आहे: पहाट आपली, आणि त्यांचा उन्हाळा डिसेंबरात.

ET आणि EST

जाहिरातीत EST लिहिलेलं असतं, पण लिहिणाऱ्याच्या मनात न्यूयॉर्कचं भिंतीवरचं घड्याळ असतं. काटेकोर अर्थाने EST ही फक्त हिवाळ्याची वेळ, उन्हाळ्यात तिथे EDT चालते. आमच्या एका ग्राहकाला जुलैत "सकाळी १० EST" ला मुलाखत होती. त्याने प्रामाणिकपणे साडेदहा तास मिळवले आणि आपल्या साडेआठला लॉगइन केलं. मुलाखत साडेसातला होऊन गेली होती, म्हणजे झालीच नव्हती. टाइम झोन सांभाळता येतो का याचीच ती पहिली परीक्षा होती, आणि ती तिथेच संपली.

म्हणून उत्तर पाठवताना दोन्ही वेळा लिहा, तारखेसकट: मंगळवार, १४ जुलै, न्यूयॉर्कचे सकाळी ९, आमचे संध्याकाळी ६:३०. कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकताना तिचा टाइम झोन America/New_York निवडा. मग तिकडे घड्याळ सरकलं की मीटिंगही सरकते. टीम लंडन आणि न्यूयॉर्क अशी दोन्हीकडे असेल तर मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा जपा. अमेरिकेचं घड्याळ बदललेलं असतं आणि युरोपचं नसतं, किंवा उलट.

उरलेले चार तास

ओव्हरलॅप चार तास, म्हणजे दिवसाचे निम्मे तास तुम्ही एकटे. या निम्म्या वेळेची मॅनेजरला खरी धास्ती असते. एक शंका विचारायची राहिली तर उत्तर यायला दुसरा दिवस उजाडतो. "स्वयंप्रेरित", "उत्तम संवादकौशल्य" हे शब्द या धास्तीवर काहीच करत नाहीत. लेखी कामाचा पुरावा मात्र करतो.

ताईंच्या जुन्या रेझ्युमेत एक ओळ होती: अमेरिकन क्लायंटच्या टीमबरोबर काम केलं. आम्ही विचारत बसलो. दिवस संपताना काय करता? कळलं, त्या रोज एक टीप लिहून ठेवतात: आज काय तपासलं, काय अडलं, कोणाच्या उत्तरासाठी थांबले आहे आणि उत्तर येईपर्यंत कोणतं दुसरं काम हातात घेते आहे. त्यांना हे सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. खरं तर नोकरी मिळवून देणारी ओळ तीच होती, विशेषतः शेवटचा भाग. अडलेल्या माणसाने पुढचं काम आधीच ठरवलेलं असेल, तर रात्र वाया जात नाही.

मग मोजायला बसलो. बग लिहिताना त्या पायऱ्या, ब्राउझरची आवृत्ती आणि स्क्रीनचं छोटं रेकॉर्डिंग जोडतात. आम्ही त्यांना शेवटचे ६० बग काढायला लावले: "आणखी माहिती हवी" असा शेरा मारून किती परत आले? सात. म्हणजे ५३ बगवर डेव्हलपरला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. नव्या रेझ्युमेत हे आकड्यासकट गेलं. असा आकडा कुणालाही स्वतःच्या कामातून काढता येतो, आणि मुलाखतीत विचारलं तर तो कसा मोजला हेही सांगता येतं. अंदाजाने ठोकलेली टक्केवारी दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

नमुना दाखवायचा मोह झाला तरी सध्याच्या कंपनीची कागदपत्रं जोडू नका. गुप्ततेचा करार मोडणारा माणूस कुणालाच घरी बसून कामाला नको असतो. त्याऐवजी एखाद्या खुल्या प्रकल्पावर दोन बग नीट लिहा आणि त्याची लिंक द्या.

वीज आणि इंटरनेट

हे रेझ्युमेत लिहायचं नाही. अर्जाच्या फॉर्ममध्ये किंवा मुलाखतीत विचारतात, तेव्हा एका वाक्यात उत्तर हवं: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शन, आणि वीज गेली तर इतके तास बॅकअप. पण ते खरं आहे का हे आधी तपासा. मित्राला व्हिडिओ कॉल लावा आणि घरचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असूनही बऱ्याच घरांत राउटर त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि कॉल दोन-तीन मिनिटं तुटतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, नाहीतर राउटरसाठी छोटा वेगळा यूपीएस घ्या. फायबरचा राउटर आणि भिंतीवरची छोटी डबी वेगवेगळी असेल तर दोन्हींना बॅकअप लागतो, हे हमखास विसरलं जातं. पुण्यात तर गुरुवारी ही परीक्षा महावितरणच घेऊन देते.

जिथे आमचा उपयोग नाही

"रिमोट" शब्दाशेजारी US only किंवा EU only असेल, तर ती जागा तिथे काम करायची कायदेशीर परवानगी असणाऱ्यांसाठी आहे. ओव्हरलॅप कितीही चांगला लिहिला तरी दार उघडत नाही, आणि ठिकाण लपवून अर्ज करणं तर पहिल्याच फेरीत अंगाशी येतं. जिथे contractor, किंवा employer of record मार्फत, म्हणजे परदेशी कंपनीच्या वतीने तुम्हाला इथे कागदोपत्री नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीमार्फत नेमणूक, असं लिहिलं आहे तिथे अर्ज करा. नोकरी लागेलच असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

भेटीला येताना

तीन जाहिराती आणा, खरोखर अर्ज करायचा आहे अशा. एक साधा कागद आणा, ज्यावर आठवड्यातला प्रत्येक दिवस तुम्ही रात्री किती वाजेपर्यंत बसू शकता ते लिहिलेलं असेल. घरच्यांना विचारून लिहा. आणि गेल्या महिन्यात तुम्ही सहकाऱ्यांना लिहिलेले पाच लांब मेसेज किंवा ईमेल वाचून या, नावं आणि कंपनीची माहिती आम्हाला नको. पहिली भेट साधारण दीड तासाची असते, त्यातला निम्मा वेळ त्या पाच मेसेजबद्दल बोलण्यात जातो.