तळटीप लिहिली की खुलासा झाला?

"साइटच्या तळाशी 'येथे अ‍ॅफिलिएट लिंक असू शकतात' असं एकदा लिहून ठेवलं, लिंकला sponsored लावलं, की झालं ना?"

नाही. समजा, ट्रायपॉडच्या परीक्षणात दुसऱ्याच परिच्छेदात खरेदीची लिंक आहे. वाचक सर्चमधून थेट त्या पानावर येतो, लिंक दाबतो आणि निघून जातो. तळापर्यंत तो पोचतच नाही. म्हणून खुलासा पहिल्या लिंकच्या आधी, मजकुराच्याच आकारात हवा. पान मोबाइलवर उघडून बघा: लिंक आधी दिसली तर जागा चुकली.

'असू शकतात' ही तर पळवाट झाली. सरळ लिहा: "या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं." ट्रायपॉड कंपनीने फुकट दिला असेल किंवा लेखाचेच पैसे मिळाले असतील, तर तेही वेगळं सांगावं लागतं, कारण तिथे विक्री झाली नाही तरी लेखकाला मोबदला मिळालेला असतो.

आणि लिंकला लावलेलं sponsored म्हणजे हे:

```html
<a href="…" rel="sponsored">
```

गूगलने 2019 मध्ये आणलेली ही खूण सर्च इंजिनसाठी आहे. पानावर ती वाचकाला दिसत नाही.